तारीख उलटलेली अंडी आणि पातेल्यातलं पाणी : प्रकल्प नोंदी

७ एप्रिल

फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बरणीमागे सहा अंड्यांचा खोका सापडला. चार शिल्लक. खोक्यावर पॅकिंगची तारीख १० मार्च आणि ‘बेस्ट बिफोर’ २८ मार्च. म्हणजे तारीख उलटून दहा दिवस झालेले.

बायको म्हणाली, टाकून दे. आई म्हणाली, "टाकतोस कशाला? पातेल्यात पाणी घे आणि सोड त्यात. बुडलं तर चांगलं, तरंगलं तर वाईट. आमच्याकडे खोक्यावर तारखा नव्हत्या, तरी कोणी मेलं नाही."

पाणी घेतलं. तीन अंडी तळाशी आडवी झाली, रुंद बाजू जरा उचललेली. चौथं निमुळत्या टोकावर उभं राहिलं, पण तळ सोडला नाही. आईने चौघांनाही पास केलं. चिऊ नववीत आहे, तिला निकालापेक्षा कारण हवं असतं. "आजी, पाण्याला कसं कळतं?" आईकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडेही नव्हतं. मी भोसरीला एका वर्कशॉपमध्ये मोजमापाची उपकरणं तपासायचं काम करतो. तिथे कुठलंही गेज हातात आलं की पहिला प्रश्न असतो, हे नेमकं काय मोजतं? पाणी काय मोजतं ते मला सांगता आलं नाही, हे रात्रभर टोचत राहिलं.

चारही अंडी वेगवेगळ्या वाटीत फोडली. वास कशालाच नाही. पांढरं पसरलेलं, बलक चपटा पण अखंड. कोरडी होईपर्यंत परतून भुर्जी केली, खाल्ली.

८ एप्रिल

पौड रोडच्या आमच्या अंडेवाल्या काकांकडून आठ अंडी आणली. सुटी, ट्रेमधली, न धुतलेली. काका म्हणाले, "सकाळीच गाडी आलीय, साहेब." कोंबडीने कधी घातली ते काकांनाही माहीत नसणार. पण आठही एकाच ट्रेमधली, म्हणजे साधारण एकाच वयाची धरली. पेन्सिलीने १ ते ८ आकडे टाकले. पेनने नको, शाई कवचातून आत झिरपते.

वाटणी अशी: १ ते ४ ओट्यावरच्या तारेच्या टोपलीत, ५ आणि ६ फ्रिजच्या दारात उघडी, ७ आणि ८ फ्रिजमध्येच, पण स्टीलच्या झाकणाच्या डब्यात.

मोजायची पद्धत लिहून ठेवतो. काटा ०.१ ग्रॅम दाखवणारा, साधा बॅटरीवरचा. आधी अंड्याचं कोरडं वजन घ्यायचं. मग काट्यावर प्लास्टिकची बरणी ठेवून अर्ध्याहून जास्त पाण्याने भरायची. लसूण मिळतो त्या जाळीच्या पिशवीचा तुकडा दोऱ्याला बांधून पाण्यात लोंबकळत धरायचा आणि काटा शून्यावर आणायचा. आता त्या जाळीत अंडं घालून पूर्ण बुडवायचं. ते तळाला टेकता कामा नये आणि बरणीच्या भिंतीलाही लागता कामा नये. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घन सेंटिमीटर अंड्याचं आकारमान, कारण अंड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजनच तो दाखवत असतो. कवचाला बुडबुडे चिकटले तर आकडा फुगतो. बोटाने पुसून घ्यायचे.

पहिल्या अंड्याचं वजन ५४.६ ग्रॅम, आकारमान ५०.४. भागाकार १.०८३. पाण्याची घनता १ धरली तर हे अंडं पाण्यापेक्षा सुमारे आठ टक्के जड आहे, म्हणून बुडतं.

आता मजा बघा. कवच कडक आहे, ते आक्रसत नाही. म्हणजे आकारमान ५०.४ च राहणार. मग हे अंडं तरंगायला काय व्हावं लागेल? वजन ५०.४ ग्रॅमच्या खाली यावं लागेल. ५४.६ वजा ५०.४, म्हणजे ४.२ ग्रॅम. पातेल्यातलं पाणी फक्त एवढंच विचारतंय: तुझे चार ग्रॅम गेले का?

ताजेपणाबद्दल ते काही विचारत नाही, नासण्याबद्दलही नाही.

९ एप्रिल

चार ग्रॅम कुठे जातात? कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. पिल्लाला श्वास घ्यायला ती हवीतच. कोंबडीच्या अंगातून अंडं बाहेर येतं तेव्हा ते तिच्या अंगाइतकं गरम असतं, ४० अंशांच्या वर. बाहेर थंड होताना आतला ऐवज आक्रसतो आणि रुंद बाजूला दोन पापुद्र्यांच्या मध्ये हवा ओढली जाते. हा हवेचा कप्पा. पुढे छिद्रांतून पाण्याची वाफ बाहेर जात राहते, थोडा कार्बन डायऑक्साइडही जातो, आणि जितकं बाहेर जाईल तितका कप्पा मोठा होतो. कप्पा रुंद बाजूला असल्यामुळे ती बाजू आधी उचलली जाते. म्हणून आधी आडवं, मग तिरकं, मग उभं, मग तरंगतं, असा क्रम.

चिऊला वर्गात वेगळं सांगितलं होतं: अंडं सडलं की आत गॅस तयार होतो आणि त्या गॅसमुळे ते फुग्यासारखं वर येतं. ऐकायला पटतं. पण बंद डब्यात गॅस तयार झाला तर डबा हलका कसा होईल? जे आत होतं तेच दुसऱ्या रूपात आतच आहे.

तोंडी पटेना, म्हणून सोड्याची छोटी बाटली आणली. न उघडता तोलली, मग जोरात हलवली. वर फेस, गॅस सुटलेला दिसतोय, बाटली दगडासारखी कडक. पुन्हा तोलली. काटा जागचा हलला नाही. मग झाकण हळूहळू उघडून तासभर ठेवली. अर्ध्या ग्रॅमहून जास्त वजन कमी भरलं. गॅस बाहेर गेला तेव्हाच वजन गेलं.

सडलेलं अंडं तरंगत नाही असं मी म्हणत नाही. पुष्कळदा तरंगतंच, कारण ते बहुतेक जुनं असतं आणि तोवर त्यातलं पाणीही उडालेलं असतं. पण तरंगण्याचं कारण सडणं नव्हे. हे दोन प्रवासी एकाच गाडीत भेटले इतकंच.

१२ एप्रिल

आज सगळ्या आकड्यांची वही नीट केली तेव्हा एक गोष्ट दिसली. ३ नंबरचं अंडं पहिल्या दिवशीच बाकीच्यांपेक्षा हलकं होतं: वजन ५१.०, आकारमान ४७.६, घनता १.०७१. बाकी सगळी १.०८ च्या पुढे-मागे.

आमच्या वर्कशॉपमध्ये एक जण आधी पोल्ट्रीत होता. त्याला विचारलं तर तो हसला. म्हणाला, आम्ही घनता रोजच बघायचो, पण शिळेपणासाठी नाही, कवचासाठी. अंड्याच्या आतला ऐवज साधारण पाण्याच्याच आसपास जड असतो, खरा जडपणा कवचाचा. म्हणून त्याच दिवशीची अंडी मिठाच्या वेगवेगळ्या दाटीच्या पाण्यांत टाकतात. बादल्या ओळीने ठेवलेल्या, १.०६० पासून १.१०० पर्यंत. ज्या बादलीत अंडं वर येतं तिच्यावरून कवच जाड की पातळ ते कळतं. १.०८० च्या खाली बरीच अंडी यायला लागली की खाद्यातलं कॅल्शियम किंवा शेडमधली गरमी तपासायची. उन्हाळ्यात कोंबड्या धापा टाकतात, त्यांच्या रक्तातलं गणित बिघडतं आणि कवच पातळ होतं.

म्हणजे ३ नंबर जुनं नसून पातळ कवचाचं आहे, निदान तशी शक्यता मोठी. पोल्ट्रीवाला ज्या फरकावरून कवच ओळखतो, त्याच फरकाला आई शिळेपणा समजते. दोघं एकच गेज वापरतात. पोल्ट्रीवाल्याला अंड्याचं वय माहीत असतं, म्हणून त्याला कवच कळतं. आईला वय शोधायचं असतं, पण कवच माहीत नसतं.

१५ एप्रिल

सात दिवस झाले. दुपारी ओट्यावर ३४ अंश, आर्द्रता २६ टक्के. रात्री जरा बरं. नेहमीचा पुण्याचा एप्रिल, ओठ फुटतात तो.

टोपलीतलं १ नंबर ५४.६ वरून ५२.६. दोन ग्रॅम गेले. ३ नंबर ५१.० वरून ४८.५. पातळ कवचातून वाफ जास्त जाते हे दिसतंच आहे. फ्रिजच्या दारातलं ५ नंबर ५५.१ वरून ५४.८. डब्यातलं ७ नंबर ५३.९ वरून ५३.८. हा ०.१ चा फरक माझा काटा खात्रीने सांगू शकत नाही.

एकाच ट्रेमधली, एकाच दिवसाची अंडी. एकाने दोन ग्रॅम गमावले, एकाने जवळजवळ काहीच नाही.

१८ एप्रिल

३ नंबर तरंगलं. दहावा दिवस. वजन ४७.५. आईला बोलावून दाखवलं. "वाईट," तिचा निकाल. ३ नंबर मोडीत काढलं: वाटीत फोडलं. वास नाही. पांढरं पातळ, पण स्वच्छ.

टोपलीतली अंडी खायची नाहीत, हा नियम मी पहिल्याच दिवशी केला होता. चौतीस अंशांत दहा दिवस ठेवलेलं अंडं नाकाने पास केलं म्हणून पोटात घालावं, एवढा माझा नाकावर विश्वास नाही. कढीपत्त्याच्या कुंडीत खड्डा करून पुरलं.

२३ एप्रिल

पंधराव्या दिवशी १ नंबर तरंगलं. वजन ५०.३, आकारमान अर्थात ५०.४. पहिल्या दिवशीचं गणित बरोबर निघालं. बरणीत ते वर आलं तेव्हा रुंद बाजूचा रुपयाएवढाही नाही, इवलासा तुकडा पाण्याबाहेर होता. चिऊ म्हणाली, पाणकोंबडीसारखं दिसतंय.

त्या ७ एप्रिलच्या खोक्यातली अंडी आठवली. पॅकिंगपासून अठ्ठावीस दिवसांनी ती बुडली होती, कारण ती फ्रिजमध्ये होती. आणि हे पंधरा दिवसांत तरंगलं. याला खोका असता तर त्यावरची तारीख उलटली पण नसती. अमेरिकेचं कृषी खातंही ग्राहकांना हेच सांगतं: तरंगणारं अंडं जुनं, पण खराब असेलच असं नाही, वेगळ्या भांड्यात फोडून बघा आणि वास घ्या.

इथे प्रकल्प संपवायचा असा विचार होता. पण चिऊने विचारलं, "पावसाळ्यात?" कपडे एप्रिलमध्ये तासाभरात वाळतात आणि जुलैमध्ये तीन दिवस दोरीवर लोंबतात. अंडं म्हणजे कवचातलं ओलं कापडच. आतली हवा दमट, बाहेरची कोरडी, फरक जितका मोठा तितकी वाफ जास्त. पावसाळ्यात तो फरक फार थोडा उरतो.

मग जूनपर्यंत वही बंद. ७ आणि ८ डब्यात तसेच.

३० जून

वर्कशॉपच्या गडबडीत महिना गेला. ओट्यावर आता २७ अंश, आर्द्रता ८३. मीठ डब्यात चिकटलंय.

नवी चार अंडी, नंबर ९ ते १२, सगळी टोपलीत. एप्रिलची एक चूक सुधारली. तेव्हा पहिल्याच दिवशी अंडी पाण्यात बुडवून आकारमान घेतलं होतं. न धुतलेल्या अंड्यावर कोंबडीच्या अंगातून आलेला एक पातळ थर असतो, तो वाळून छिद्रांची तोंडं बुजवतो. पाण्याने तो थर भिजतो, चोळलं तर निघून जातो. गार पाण्यात गरम अंडं टाकलं तर आतली हवा आक्रसते आणि कवचावरचं पाणी, त्यातल्या जंतूंसकट, छिद्रांतून आत खेचलं जातं. म्हणजे पातेल्याची परीक्षा घेऊन अंडी पुन्हा फ्रिजमध्ये ठेवायची, हे आमच्या घरात वर्षानुवर्षं चाललेलं काम उलटंच आहे. आकारमान बदलत नाहीच, तर ते शेवटच्या दिवशी मोजू. तोवर फक्त कोरडं वजन.

१ जुलै

१२ नंबरला कोंबडीची घाण लागली होती, म्हणून आईने काल रात्री ते नळाखाली चोळून धुतलं आणि पुसून परत टोपलीत ठेवलं. मी कपाळाला हात लावला. मग वाटलं, असू दे, असंच तर घरोघरी होतं. वहीत लिहून ठेवलं: १२ धुतलेलं.

१० जुलै

दहा दिवसांत ९ नंबरचे ०.६ ग्रॅम गेले. एप्रिलमध्ये एवढे दोन दिवसांत जायचे.

२१ जुलै

तीन आठवडे झाले. आज शेवटचं माप. ही नोंद लांबेल.

९ नंबर ५३.८ वरून ५२.६. आकारमान ४९.७. म्हणजे सुरुवातीला घनता १.०८२ होती, आज १.०५८. १० आणि ११ त्याच्याच आगेमागे. तिन्ही तळाशी आडवी, रुंद बाजू किंचित उचललेली. आईने नेहमीसारखा निकाल दिला: चांगली. याच चालीने गेली तर ती तरंगायला आणखी सात-आठ आठवडे लागतील.

१२ नंबर ५६.२ वरून ५४.५. आकारमान ५२.०, घनता १.०४८. धुतल्यामुळे छिद्रं उघडी पडली, वाफ थोडी जास्त गेली. तेही बुडलं, जरा जास्त तिरकं. आईचा निकाल: "हेही चांगलंच."

मग एकेक फोडलं. ९ नंबरचं पांढरं पाण्यासारखं ताटभर पसरलं, बलक चपटा, आणि वाटीतून ताटात ओततानाच फुटला. एप्रिलमध्ये पंधराव्या दिवशी तरंगलेल्या १ नंबरपेक्षा याची अवस्था वाईट होती. तरी पाण्याने त्याला नापास केलं होतं आणि याला पास.

हे कोडं सोडवायला चिऊच्या प्रयोगशाळेच्या किटमधली पीएच पट्टी कामी आली. आज सकाळी आणलेल्या अंड्याच्या पांढऱ्याला पट्टी लावली तर आठच्या जवळ रंग आला, ९ नंबरला नऊच्या पुढे. ताज्या पांढऱ्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. तो छिद्रांतून निघून गेला की पांढरं अल्कली होत जातं आणि ज्या प्रथिनांच्या जाळीमुळे ते घट्ट उभं राहतं ती जाळी सुटते. हे उष्णतेने वेगात होतं. दमट हवा पाण्याची वाफ अडवते, पण कार्बन डायऑक्साइडला अडवत नाही, कारण बाहेरच्या हवेत तो नगण्यच आहे, पाऊस असो की ऊन. अंड्यात दोन घड्याळं चालतात. एक आतल्या ऐवजाचं, ते गरमीवर चालतं. दुसरं वजनाचं, ते हवेच्या कोरडेपणावर चालतं. पातेल्यातलं पाणी फक्त दुसरं घड्याळ वाचतं. एप्रिलमध्ये दुसरं घड्याळ पुढे पळतं, जुलैमध्ये ते जवळजवळ बंद पडतं आणि पहिलं मात्र चालूच असतं. फ्रिजमध्ये दोन्ही हळू, म्हणून तिथे दोघांचं थोडंफार जमतं.

आता १२ नंबर. वाटीच्या काठावर टकटक केलं आणि चीर पडायच्या आधीच वास आला. पूर्ण फुटल्यावर सगळे स्वयंपाकघरातून पळाले. पांढऱ्याला हिरवट झाक, बलक गढूळ. बाहेर धो धो पाऊस, खिडक्या उघडता येईनात. बायको म्हणाली, तुझा प्रकल्प आता गॅलरीत. आई मात्र वाटीकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "हे बुडलं होतं ना रे?"

बुडलं होतं. तिने स्वतः पास केलं होतं. आणि ते नासलं होतं ते तिने प्रेमाने धुतलं म्हणून, असं मी म्हणालो नाही. एका अंड्यावरून तसं ठामपणे म्हणताही येणार नाही.

२२ जुलै

रात्री आईने विचारलं, "मग वासच घ्यायचा ना फक्त?" हा प्रश्न सोपा नाही, म्हणून वहीत सविस्तर लिहितो.

वास सांगतो की अंडं नासवणारे जंतू वाढलेत. ते प्रथिनं मोडतात, हायड्रोजन सल्फाइड सोडतात, आणि आपलं नाक त्याबाबतीत फार तिखट आहे. १२ नंबर कोणी चुकूनही खाल्लं नसतं. पण आजारी पाडणारा साल्मोनेला वेगळा. तो कोंबडीच्या अंडाशयातूनच, कवच बनायच्या आधी, आत आलेला असू शकतो. तो असला तरी अंड्याचा वास बदलत नाही, रंग बदलत नाही, आणि वजन तर मुळीच नाही. असलं अंडं तळाशी शहाण्यासारखं आडवं पडेल. जुन्या अंड्यात बलकाभोवतीचं आवरण सैल होतं, बलकातलं खाद्य पांढऱ्यात झिरपतं, आणि आत साल्मोनेला असेल तर त्याला वाढायला मोकळं रान मिळतं. गरम जागी ठेवलं तर हे लवकर होतं. त्याच्यावर पाणी नाही, नाक नाही, फक्त आच चालते. पांढरं आणि बलक दोन्ही घट्ट झाले, म्हणजे सत्तर अंशांच्या पुढे गेले, की तो मरतो.

म्हणून आमच्या घरात ठरलं ते असं. तारीख उलटलेली अंडी सतत फ्रिजमध्ये राहिली असतील आणि कवचाला तडा नसेल, तर एकेक वेगळ्या वाटीत फोडायचं, कढईवर थेट कधीच नाही. वास आला की वाटीसकट बाहेर. वास नसेल तर कोरडी भुर्जी किंवा कडक उकडलेलं. हाफ फ्राय, अंडं घालून केलेलं घरचं मेयोनेज, चिऊचं कच्च्या अंड्याचं चॉकलेट मूस, हे फक्त ताज्या अंड्यांचं, आणि तेही जोखीम समजून. ओट्यावर राहिलेल्या अंड्यांना ही सवलत नाही, खोक्यावरची तारीख काहीही असो. खोक्यावर तारखेच्या शेजारी बारीक अक्षरात ‘थंड जागी ठेवा’ लिहिलेलं असतं. ती तारीख त्या ओळीच्या भरवशावर छापलेली असते.

पाण्याची परीक्षा मग कशासाठी? उकडायची अंडी निवडायला ती मला आवडायला लागलीय. थोडं उभं राहणारं अंडं उकडल्यावर टरफल सहज सोडतं, कारण पांढरं अल्कली झालं की ते आतल्या पापुद्र्याला कमी चिकटतं. अगदी ताजं अंडं सोलताना निम्मं पांढरं टरफलाबरोबर जातं. पण परीक्षा घेतली की ते अंडं त्याच वेळी शिजवायचं, परत ठेवायचं नाही.

३ ऑगस्ट

डब्यातली ७ आणि ८ विसरलोच होतो. डब्यावर मेथीची जुडी आणि दह्याचं भांडं, त्यामुळे कोणी हातही लावला नव्हता. काकांच्या दुकानातून आणल्याला आज ११७ दिवस.

७ नंबर ५३.९ वरून ५२.१. आकारमान ४९.८. घनता १.०४६. पातेल्यात सोडलं, तळाशी गेलं, जरा तिरकं झालं, तिथेच राहिलं.

चिऊने मागची पानं चाळली. १५ एप्रिलला, टोपलीत सातच दिवस राहिलेल्या १ नंबरची घनता ५२.६ भागिले ५०.४, म्हणजे १.०४४ होती. पाण्याच्या हिशेबाने सात दिवसांच्या अंड्यापेक्षा ११७ दिवसांचं अंडं किंचित ताजं.

वाटीत फोडलं. बलक चपटा, एका बाजूला सरकलेला, पांढरं पाणीच. वास नाही. आईने वाटी नाकाशी नेली, दोनदा हुंगली, आणि काही न बोलता कढीपत्त्याच्या कुंडीकडे निघाली. ८ नंबर अजून डब्यात आहे. त्यावर चिऊने पेन्सिलीने लिहिलंय, ‘दिवाळी’.